एकोणीस शब्दांचं हिंदी वाक्य

माझी भाची सांगलीची. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी भोपाळला गेली आणि आता ऑफिसचे सगळे निरोप हिंदीत लिहिते. एके दिवशी तिने मला एक वाक्य पाठवलं. खाली विचारलं होतं, "आत्या, यात काही चूक आहे का? मला तर बरोबर वाटतंय." वाक्य असं होतं:

"मैं मेरे मैनेजर को मिली और उनको पूछा की मेरा पुस्तक किसने ले गया, तो उन्होंने मुझे मदत की।"

मी बरीच वर्षं हिंदीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. त्या सवयीने पेन्सिल हाती घेतली आणि मोजलं. एकोणीस शब्द, त्यांतले आठ चुकलेले, आणि एक शब्द जिथे हवा तिथे नाही. अर्थ मात्र कुणालाही कळेल. भोपाळच्या मॅनेजरलाही कळला असता. पण वाचल्याबरोबर त्यांना हेही कळलं असतं की लिहिणारी महाराष्ट्रातली आहे.

तिचं "मला तर बरोबर वाटतंय" हे म्हणणं अगदी प्रामाणिक होतं. का, ते तिच्या वाक्याखाली मराठी वाक्य लिहिलं की दिसतं: "मी माझ्या मॅनेजरला भेटले आणि त्यांना विचारलं की माझं पुस्तक कोणी नेलं, तर त्यांनी मला मदत केली." या मराठी वाक्यात एकही चूक नाही. हिंदी वाक्यातल्या प्रत्येक चुकलेल्या शब्दाखाली एक बरोबर मराठी शब्द बसलेला आहे. 'माझ्या'चा 'मेरे' झाला, '-ला'चा 'को' झाला, 'कोणी'चा 'किसने' झाला. म्हणून असं वाक्य मोठ्याने वाचून तपासता येत नाही. आपला कान मराठी आहे, आणि मराठी कानाला ते वाक्य बरोबरच ऐकू येतं. तपासायला कानापेक्षा वेगळं साधन हवं. ते साधन म्हणजे क्रियापद.

आधी क्रियापदं शोधा

वाक्यातल्या क्रियापदांखाली रेघ मारायची. इथे चार आहेत: मिली, पूछा, ले गया, (मदत) की. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: तू कुणाचं ऐकतोस? म्हणजे तुझं लिंग आणि वचन कोणत्या शब्दावरून ठरलं?

भूतकाळात हिंदी क्रियापदाच्या तीन तऱ्हा होतात. कर्त्याला 'ने' लागत नसेल तर क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. 'ने' लागत असेल तर कर्माप्रमाणे. आणि 'ने' लागूनही जवळ मोकळं कर्म नसेल, किंवा कर्माला 'को' जोडलेला असेल, तर क्रियापद कुणाचंच ऐकत नाही आणि पुल्लिंगी एकवचनात उभं राहतं. मराठीची रीतही जवळपास हीच आहे. फरक इतकाच की असं मोकळं सुटलेलं मराठी क्रियापद नपुंसकलिंगात जातं. आपण 'मी मुलीला पाहिलं' म्हणतो, हिंदी 'मैंने लड़की को देखा' म्हणते. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ती जागा तिथे पुल्लिंगाने घेतली.

आता पहिलं क्रियापद. 'मिलना'ला 'ने' लागत नाही, म्हणून ते कर्त्याचं ऐकतं. कर्ता 'मैं' आणि लिहिणारी मुलगी, तेव्हा 'मिली' बरोबर. मराठीत 'भेटणे'ही असंच चालतं, त्यामुळे इथे तिचं चुकलं नाही.

दुसरं 'पूछा'. 'पूछना'ला भूतकाळात 'ने' लागतो. तिच्या वाक्यात तो नाही. मराठी माणसाकडून हिंदीत सगळ्यात जास्त गळणारा शब्द हाच. कारण मराठीत 'त्याने विचारलं', 'तिने विचारलं' यात 'ने' दिसतो, पण 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांना तो कधीच दिसत नाही. आपण 'मीने विचारलं' म्हणत नाही. हिंदीत मात्र 'मैंने', 'तूने', 'हमने', 'आपने' असं सगळ्यांनाच तो लागतो. 'मैं खाना खाया', 'हम सिनेमा देखे' ही वाक्यं तिथूनच येतात. भाचीच्या वाक्यात 'और'च्या आधी 'मैं' आहे आणि तोच कर्ता पुढे 'पूछा'लाही पुरेल असं तिने धरलं. बोलताना हिंदीभाषकही कधी कधी असा कर्ता गाळतात. पण लिहिताना पहिल्या क्रियापदाला 'मैं' आणि दुसऱ्याला 'मैंने' हवं असेल तर दोन्ही लिहिणंच चांगलं: 'मैं मिली और मैंने पूछा'.

याच ठिकाणी उलटी चूकही होऊ शकते. लिहिणारी मुलगी म्हणून कुणी 'मैंने पूछी' लिहील. 'ने' आला की कर्त्याचा अधिकार संपतो. मुलगी असो वा मुलगा, 'पूछा'च राहतं, जसं मराठीत कुणीही विचारलं तरी 'विचारलं'च राहतं.

'किसने ले गया' का चुकतं

तिसरं क्रियापद या वाक्यातलं सगळ्यात शिकवणारं आहे. मराठीत 'नेणे' आणि 'आणणे' या दोन्ही क्रियापदांना 'ने' लागतो: 'त्याने पुस्तक नेलं', 'तिने भाजी आणली'. त्याच वळणाने आपण 'उसने किताब ले गया', 'उसने सब्ज़ी लाई' असं लिहितो. हिंदीत 'लाना' आणि 'ले जाना' यांना 'ने' लागत नाही. 'ले जाना'च्या शेवटी 'जाना' आहे, आणि जाणाऱ्याला 'ने' कसा लागेल? 'लाना'सुद्धा मुळात 'ले आना' आहे असं समजलं तर लक्षात ठेवायला सोपं जातं. म्हणून 'वह सब्ज़ी लाया', 'बहन किताब ले गई'. याच यादीत 'बोलना' आणि 'भूलना' येतात.

आणि एक शब्द याच्या बरोबर उलट वागतो. मराठीत आपण 'तो म्हणाला' म्हणतो, 'त्याने म्हणाला' नाही. हिंदीत मात्र 'उसने कहा'. म्हणून 'वह कहा' हीदेखील मराठीचीच चूक. नेणे, आणणे आणि म्हणणे या तीन क्रियापदांपुढे मराठी माणसाने दरवेळी थांबायला हवं.

तेव्हा 'किसने ले गया'चं 'कौन ले गया' झालं. इथे लिंगाच्या बाबतीत काय झालं ते पाहा. 'ने' गेल्याबरोबर क्रियापद कर्माला सोडून कर्त्याकडे गेलं. आता पुस्तक स्त्रीलिंगी असो की पुल्लिंगी, 'गया'ला त्याचं काही नाही. ते 'कौन'चं ऐकतं, आणि कोण ते माहीत नसल्यामुळे पुल्लिंगात राहतं. एखादी व्यक्ती 'पुस्तक स्त्रीलिंगी' एवढंच आठवून 'मेरी पुस्तक किसने ले गई' असं दुरुस्त करील आणि दुरुस्तीतही चुकेल. म्हणून आधी 'ने' ठरवायचा, मग मालक ठरवायचा, आणि नामाचं लिंग त्याच्यानंतर.

पुस्तकाचं लिंग

आता 'मेरा पुस्तक'. मराठीत 'ते पुस्तक', हिंदीत 'मेरी पुस्तक'. संस्कृतातली तीन लिंगं मराठीने, गुजरातीने आणि कोकणीने जपली. हिंदीत नपुंसकलिंग उरलं नाही. त्यातले बहुतेक शब्द पुल्लिंगात गेले: घर, पानी, दूध, काम, नाम, फूल. म्हणून 'मराठीत ते, तर हिंदीत पुल्लिंग' हा अंदाज बरेचदा चालतो, आणि बरेचदा चालतो म्हणूनच फसवतो. पुस्तक, दुकान, सरकार, छत, नाक हे मराठीतले 'ते' शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. आपल्याकडे सरकार पडतं, हिंदीत 'सरकार गिरती है'. आपलं दुकान उघडं असतं, त्यांची 'दुकान खुली' असते.

याहून कठीण शब्द असे की जिथे दोन्ही भाषांत लिंग ठाम आहे, पण उलटं आहे. आपला आवाज येतो, हिंदीत 'आवाज़ आती है'. आपला चहा थंड होतो, त्यांची 'चाय ठंडी' होते. आपला आत्मा शांत होतो, त्यांची 'आत्मा'. आपले पोलीस येतात, त्यांची 'पुलिस आती है'. उलट आपली बँक उघडी असते आणि त्यांचा 'बैंक खुला' असतो. दुकान, सरकार, आवाज हे शब्द फारसीतून आले आहेत, आणि फारसीत व्याकरणातलं लिंगच नाही. प्रत्येक भाषेने त्यांना आपापल्या घरात हवं तिथे बसवलं. म्हणून यात तर्क शोधायला जाऊ नये.

पण परीक्षा घेण्याची एक चांगली युक्ती आहे, आणि भाचीला मी तीच सांगितली. शब्दाचं अनेकवचन आठवून पाहायचं. शेवटी 'ई' किंवा 'आ' नसलेला शब्द अनेकवचनात 'एँ' घेत असेल तर तो स्त्रीलिंगी: पुस्तकें, दुकानें, सरकारें, छतें, आवाज़ें, आँखें. तसाच्या तसा राहत असेल तर पुल्लिंगी: दो घर, चार फूल, दस नाम. 'मेरा पुस्तक' आपल्या कानाला खटकत नाही, पण 'पुस्तकें' आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. जे लिंग थेट आठवत नाही ते अनेकवचनात आठवतं.

या युक्तीच्या मर्यादाही लक्षात ठेवायच्या. पुढे 'में, से, को' असं काही आलं की दोन्ही लिंगांत 'ओं' येतो (घरों में, दुकानों में) आणि त्यातून काहीच कळत नाही. 'पुलिस'सारख्या शब्दांचं अनेकवचन रोजच्या वापरात येतच नाही. अशा वेळी शब्दकोश उघडावा. नागरी प्रचारिणी सभेच्या 'हिंदी शब्दसागर'मध्ये प्रत्येक नामापुढे पुल्लिंग की स्त्रीलिंग ते छापलेलं असतं. आणि काही शब्दांत हिंदीभाषकांचंच एकमत नसतं. कोशात 'दही' पुल्लिंगी आहे, पण अनेक घरांत 'दही खट्टी' होते. तिथे कोशाप्रमाणे लिहावं, आणि कुणी वेगळं बोललं तर त्याला चूक म्हणू नये.

'ला'चे तीन रस्ते

क्रियापदं आणि लिंग झाल्यावर उरतात ते जोडशब्द. मराठीचा '-ला' खूप कामं करतो. कुणाला भेटतो, कुणाला विचारतो, कुणाला मदत करतो. आपण या तिन्ही ठिकाणी 'को' किंवा 'मुझे, उसे' घालतो. हिंदीत मात्र भेट आणि प्रश्न 'से'ने होतात: 'मैनेजर से मिली', 'उनसे पूछा'. मदत तर 'का-की'ने होते. हिंदीत कुणाला मदत करत नाहीत, कुणाची तरी मदत करतात: 'मेरी मदद की'. म्हणून 'मुझे'च्या जागी 'मेरी' येतं, कारण 'मदद' स्त्रीलिंगी आहे. शब्दही 'मदत' नाही, 'मदद'. मराठीत आल्यावर त्याचा शेवटचा 'द' बदलला.

आता 'मैं मेरे मैनेजर'. मराठीत 'मी माझ्या घरी गेले' हेच सहज बोलणं. हिंदीचा नियम असा की वस्तू किंवा माणूस त्याच वाक्यखंडातल्या कर्त्याचा असेल तर 'अपना' वापरायचा: 'मैं अपने घर गई', 'तुम अपना काम करो', 'वह अपनी माँ से मिला'. 'मैं मेरे घर' हिंदीभाषकांच्या बोलण्यातही हल्ली कानावर पडतं, पण लिखाणात ते चूकच धरतात.

नियम कळल्यावर भाचीने लगेच विचारलं, "मग 'मेरी पुस्तक'चंही 'अपनी पुस्तक' करू का?" प्रश्न फार चांगला होता. उत्तर नाही. 'कि'च्या पुढचा भाग हा वेगळा वाक्यखंड आहे आणि त्याचा कर्ता 'कौन' आहे. 'अपनी पुस्तक कौन ले गया' लिहिलं तर अर्थ होईल, स्वतःचंच पुस्तक कोण घेऊन गेलं? पुस्तक नेणाऱ्याचं नाही, तिचं आहे. म्हणून तिथे 'मेरी'च हवं. तिच्या वाक्यात 'मी'ची तीन रूपं होती: मेरे, मेरा, मुझे. तिन्ही चुकली होती आणि तिघांची दुरुस्ती वेगवेगळ्या कारणाने झाली. पहिल्याचं 'अपने' झालं, कारण मॅनेजर कर्त्याचा होता. दुसऱ्याचं 'मेरी', कारण पुस्तक स्त्रीलिंगी होतं. तिसऱ्याचंही 'मेरी', कारण मदत 'का-की'ने होते.

दोन 'की', त्यातला एक बरोबर

शेवटी शुद्धलेखन. तिच्या वाक्यात 'की' दोनदा आहे: 'पूछा की' आणि 'मदत की'. दुसरा बरोबर, पहिला चूक. 'मदद की'मधला 'की' हा 'किया'चं स्त्रीलिंगी रूप आहे आणि तो दीर्घच. पण वाक्यं जोडणारा शब्द हिंदीत ऱ्हस्व 'कि' असतो. मराठीत तोही दीर्घ: 'तो म्हणाला की'. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे जे नियम ठरले त्यांनी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार साधारणपणे दीर्घ केला, संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांतही. म्हणून आपण व्यक्ती, कवी, वस्तू लिहितो आणि हिंदी व्यक्ति, कवि, वस्तु लिहिते. हिंदी लिहिताना आपला हात आपोआप दीर्घाकडे जातो. हा दोष ऐकून कधीच सापडत नाही, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

सगळं झाल्यावर वाक्य असं उभं राहिलं:

"मैं अपने मैनेजर से मिली और मैंने उनसे पूछा कि मेरी पुस्तक कौन ले गया, तो उन्होंने मेरी मदद की।"

हीच तपासणी तुम्हाला स्वतः करून पाहायची असेल तर एक छोटं वाक्य घ्या: "पुलिस आया और उसने दुकान बंद किया, आवाज भी नहीं आया।" क्रियापदं तीन. 'आया'ला 'ने' नाही, म्हणून ते पुलिसचं ऐकतं, आणि पुलिस स्त्रीलिंगी: 'आई'. 'बंद किया'ला 'उसने' आहे, म्हणून ते दुकानाचं ऐकतं, आणि 'दुकानें' आठवलं की लिंग कळतं: 'बंद की'. शेवटचं पुन्हा कर्त्याचं ऐकतं, 'आवाज़ें' आठवा: 'आवाज़ भी नहीं आई'. मराठीत याच वाक्यात पोलीस पुल्लिंगी, दुकान नपुंसकलिंगी आणि आवाज पुल्लिंगी. हिंदीत तिन्ही स्त्रीलिंगी.

भाचीने दुरुस्त वाक्य पाठवलं की नाही ते मी विचारलं नाही. तीन दिवसांनी तिचा छोटासा निरोप आला: "मेरी पुस्तक मिल गई।" आणि खाली तिने मराठीत लिहिलं होतं, "आत्या, क्रियापद 'मिल गई'. 'ने' नाही, म्हणून कर्त्याचं ऐकणार. मिळालं कोण, तर पुस्तक. पुस्तकें, म्हणून 'गई'." पहिल्या वाक्यात पुस्तकाचं लिंग क्रियापदात दिसायला जागाच नव्हती. या वेळी ते क्रियापदात आलं, आणि तिने ते स्वतः शोधून काढलं होतं.